लेंझचा विरोध नेमका कशाला?

बारावीच्या उत्तरपत्रिकांत लेंझच्या नियमाचं एक वाक्य हमखास भेटतं: ‘प्रवर्तित धारा मूळ चुंबकीय क्षेत्राला विरोध करते.’ वाक्य चुकीचं आहे, पण ते वापरून बऱ्याचदा उत्तर बरोबर येतं, आणि म्हणूनच ते पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. चुंबक वेटोळ्याजवळ नेत असू, तर वेटोळ्यातली धारा खरोखरच मूळ क्षेत्राच्या उलट क्षेत्र तयार करते. पण तोच चुंबक दूर नेला की धारा मूळ क्षेत्राच्याच दिशेने क्षेत्र तयार करते, म्हणजे चक्क मदत करते. मग विरोध कुठे गेला? विरोध क्षेत्राला नव्हताच. वेटोळ्यातून जाणाऱ्या चुंबकीय अभिवाहात, ज्याला वर्गात सगळे फ्लक्स म्हणतात, जो बदल होतोय त्याला तो होता.

फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं की फ्लक्स बदलला की वेटोळ्यात ईएमएफ निर्माण होतं. दिशेचा सोपा नियम दिला तो हाइनरिख लेंझने, १८३४ मध्ये. आज आपण दोन्ही गोष्टी ε = −N dΦ/dt एवढ्यात लिहितो आणि लेंझचं सगळं म्हणणं त्या एका ऋण चिन्हात कोंबतो. गणितं बिघडतात ती तिथेच. काही जण ते चिन्ह सूत्रात एकदा घेतात, मग दिशा ठरवताना ‘विरोध’ म्हणून पुन्हा एकदा घेतात, आणि दोन उणे मिळून उत्तर उलटं होतं. माझं मत विचाराल तर आकडा काढताना चिन्ह बाजूला ठेवावं आणि दिशा शेवटी स्वतंत्रपणे, विचार करून ठरवावी.

हे एका गणितावर पाहू. सरावपत्रिकेत ते कुठल्या ना कुठल्या रूपात असतंच.

१० सेंटिमीटर बाजूचं तारेचं एक चौरस वेटोळं आहे, त्याचा रोध ०.०२ ओहम. कागदावर एक पट्टा आखला आहे, रुंदी ३० सेंटिमीटर. फक्त या पट्ट्यात ०.५ टेस्लाचं एकसमान चुंबकीय क्षेत्र आहे, कागदात आत शिरणाऱ्या दिशेने. वेटोळं डावीकडून उजवीकडे सेकंदाला २० सेंटिमीटर या स्थिर वेगाने ओढत पट्ट्यातून पार न्यायचं आहे. प्रत्येक टप्प्यावर ईएमएफ, धारा आणि लागणारं बल काढा.

पहिला टप्पा, वेटोळं आत शिरत असतानाचा. उजवी बाजू पट्ट्यात आहे, डावी अजून बाहेर. दर सेकंदाला ०.१ × ०.२ म्हणजे ०.०२ चौरस मीटर इतकं नवं क्षेत्रफळ पट्ट्यात येतं. त्याला ०.५ ने गुणलं की फ्लक्स वाढण्याचा दर मिळतो: सेकंदाला ०.०१ वेबर. म्हणजेच ईएमएफ ०.०१ व्होल्ट, १० मिलिव्होल्ट. ε = Blv या सूत्राने हेच येतं, कारण ते सूत्र म्हणजे हाच गुणाकार आहे. रोधाने भागलं की धारा ०.५ अँपिअर.

आता दिशा. इथे स्वतःला तीन प्रश्न विचारायचे आणि क्रम मोडायचा नाही. मूळ फ्लक्स कुठल्या दिशेने आहे? कागदात आत. तो वाढतोय की कमी होतोय? वाढतोय. मग धारेचं स्वतःचं क्षेत्र वेटोळ्याच्या आत कुठल्या दिशेने हवं? कागदातून बाहेर, म्हणजे वाढ रोखली जाईल. उजव्या हाताचा अंगठा बाहेरच्या दिशेने धरा, बोटं घड्याळाच्या काट्यांच्या उलट वळतात. तीच धारेची दिशा. मधला प्रश्न गाळला की सुरुवातीचं ते चुकीचं वाक्य मागच्या दाराने परत येतं.

दुसऱ्या टप्प्यात वेटोळं पूर्ण पट्ट्यात आहे. क्षेत्र आहे, वेग आहे, तरीही धारा शून्य. फ्लक्स ०.५ × ०.०१ म्हणजे ०.००५ वेबरवर स्थिर झालाय. इथे अनेकांना खटकतं: तार तर अजूनही क्षेत्र कापत चालली आहे! खरंय. उजव्या बाजूत १० मिलिव्होल्ट अजूनही आहेत, वरच्या दिशेने. पण आता डावी बाजूही क्षेत्रात आहे आणि तिच्यातही १० मिलिव्होल्ट वरच्याच दिशेने आहेत. वेटोळ्यातून फिरत गेलं तर एक धारेला एका बाजूने ढकलतं, दुसरं उलट बाजूने. बेरीज शून्य. हा टप्पा पूर्ण १ सेकंद चालतो, आणि या काळात वेटोळं स्थिर वेगाने पुढे न्यायला बळ लागत नाही.

तिसऱ्या टप्प्यात वेटोळं बाहेर पडतं. आकडे पहिल्यासारखेच, १० मिलिव्होल्ट आणि ०.५ अँपिअर. मूळ फ्लक्स अजूनही आतच आहे, पण आता तो घटतोय. म्हणून धारेचं क्षेत्रही आतल्याच दिशेने, मूळ क्षेत्राच्या सोबतीने, आणि धारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने.

ज्यांना सूत्रातलं उणे चिन्ह सोडवत नाही त्यांच्यासाठी एवढंच: आधी धन दिशा ठरवावी लागते. कागदात आत जाणारा फ्लक्स धन धरला, तर उजव्या हाताच्या नियमानेच घड्याळाच्या काट्यांची दिशा धारेसाठी धन ठरते. शिरताना dΦ/dt धन, म्हणून ε = −१० मिलिव्होल्ट, म्हणजे काट्यांच्या उलट. बाहेर पडताना +१० मिलिव्होल्ट. उत्तर तेच. मात्र धन दिशा न ठरवता लिहिलेल्या उणे चिन्हाला काही अर्थ नाही, आणि उत्तरपत्रिकेतली बहुतेक उणे चिन्हं तशीच असतात.

आता बलाकडे येऊ, कारण लेंझच्या नियमाचा जीव इथे आहे. शिरताना उजव्या बाजूतून ०.५ अँपिअर धारा वरच्या दिशेने जाते. चुंबकीय क्षेत्रातल्या या तारेवर F = BIl इतकं बल येतं: ०.५ × ०.५ × ०.१ म्हणजे ०.०२५ न्यूटन. त्याची दिशा डावीकडे, आपल्या ओढण्याच्या उलट. वरच्या आणि खालच्या बाजूंवरची बलं एकमेकांना रद्द करतात, ती सोडून द्या. म्हणजे वेग स्थिर ठेवायचा तर आपल्याला उजवीकडे ०.०२५ न्यूटन बलाने ओढत राहावं लागतं. आपण करत असलेल्या कामाचा दर, बल गुणिले वेग: ०.०२५ × ०.२ = ०.००५ वॅट.

तारेत उष्णता किती तयार होते? I²R काढा: ०.२५ × ०.०२ = ०.००५ वॅट.

दोन्ही आकडे तंतोतंत जुळतात. एक आकडा ओढणाऱ्या हाताकडून आला, दुसरा तारेच्या तापण्यातून. शिरण्याच्या अर्ध्या सेकंदात आपण २.५ मिलिज्यूल काम केलं आणि ते सगळं तारेत उष्णता होऊन उतरलं. बाहेर पडतानाही तेवढंच. तिथे एक गंमत आहे: धारेची दिशा उलटली, तरी बल उलटत नाही. कारण आता क्षेत्रात उजवी नव्हे, डावी बाजू आहे, आणि तिच्यातूनही धारा वरच जाते. बल पुन्हा डावीकडेच. वेटोळं शिरायलाही तयार नसतं आणि निघायलाही.

क्षणभर लेंझचा नियम उलटा आहे असं धरा. शिरताना धारा काट्यांच्या दिशेने वाहिली असती, बल उजवीकडे लागलं असतं. वेटोळं आपणहून आत खेचलं गेलं असतं, वेग वाढला असता, त्यामुळे ईएमएफ वाढलं असतं, धारा वाढली असती, बल आणखी वाढलं असतं. तार तापतेय, वेटोळं पळतंय आणि कुणीही काम करत नाहीये. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम इथेच मोडतो. तेव्हा ऋण चिन्ह हा पाठ करायचा संकेत नाही, तो ऊर्जेचा हिशेब आहे. चार चुंबक आणि एक चाक लावून फुकट वीज देणाऱ्या यंत्रांचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्याकडे याच हिशेबाने पाहावं. दिवा न जोडता चाक बराच वेळ फिरेलही. पण दिवा जोडून परिपथ पूर्ण केला की धारा वाहू लागते आणि धारा वाहिली की चाकावर उलट बल येतंच. तरीही चाक मंदावत नसेल, तर लपवलेली बॅटरी शोधायला लागा.

परीक्षक पुढचा प्रश्न बहुधा असा विचारतात: वेग दुप्पट केला तर? ईएमएफ, धारा, बल, तिन्ही दुप्पट. शक्ती चौपट. वेळ निम्मा, म्हणून शिरतानाची उष्णता चौपटीच्या निम्मी, म्हणजे दुप्पट: ५ मिलिज्यूल. पण शिरताना तारेतून वाहिलेला एकूण विद्युतप्रभार? आधी ०.५ अँपिअर × ०.५ सेकंद, म्हणजे ०.२५ कूलोम. आता १ अँपिअर × ०.२५ सेकंद, पुन्हा ०.२५ कूलोम. हा प्रभार ΔΦ/R इतका असतो, इथे ०.००५ भागिले ०.०२, आणि त्यात वेळ नाहीच. हळू न्या, झटक्यात न्या, मध्ये थांबा, प्रभार तेवढाच.

याचा उपयोग प्रत्यक्षात होतो. आपण पट्ट्याची कड धारदार मानली, पण खऱ्या चुंबकाचं क्षेत्र कडेला हळूहळू विरतं. त्यामुळे ईएमएफचा आलेख चौकोनी न येता कडांना गोलसर येतो आणि धारेचा आकडा क्षणाक्षणाला बदलतो. एकूण प्रभार मात्र बदलत नाही. म्हणून अनोळखी क्षेत्र मोजायला लहान वेटोळं त्यात ठेवून झटक्यात बाहेर काढायचं आणि वाहिलेला प्रभार मोजायचा, ही जुनी आणि भरवशाची पद्धत आहे. वेटोळं बाहेर न काढता जागच्या जागी १८० अंशांत उलटवलं, तर फ्लक्स +Φ वरून −Φ वर जातो आणि बदल 2Φ होतो. इथे ‘फ्लक्स तेवढाच राहिला, म्हणून उत्तर शून्य’ असं लिहिणारे दरवर्षी सापडतात. त्यांच्याच शेजारी कोनाच्या चुका करणारे असतात: Φ = BA cos θ मधला θ हा क्षेत्र आणि पृष्ठभागाचा लंब यांच्यातला असतो. ‘वेटोळ्याचं प्रतल क्षेत्राशी ३० अंशांचा कोन करतं’ असं दिलं असेल, तर θ ६० अंश.

आणि आपल्याच वेटोळ्याला एका जागी चीर पाडली तर? फ्लक्स तसाच बदलतो, ईएमएफ तेच १० मिलिव्होल्ट, चिरेच्या दोन टोकांवर व्होल्टमीटर लावून मोजताही येतं. पण परिपथ तुटलाय, धारा नाही, म्हणून बल नाही आणि उष्णताही नाही. आडव्या धरलेल्या धातूच्या कड्यातून चुंबक खाली सोडण्याचा जो प्रश्न असतो, त्याचं उत्तर यातच आहे. अखंड कड्याजवळ येताना आणि त्यातून खाली जाताना, दोन्ही वेळा चुंबकाचं त्वरण g पेक्षा कमी असतं. कडं चिरलेलं असेल, तर हवेचा रोध सोडल्यास त्वरण g.