काच आत ओढली जाते, मग ऊर्जा वाढते कशी?

बारावीच्या भौतिकशास्त्रात कपॅसिटरच्या दोन पट्ट्यांमध्ये काच सरकवण्याचं एक गणित असतं. बॅटरी जोडलेली असेल तर साठलेली ऊर्जा वाढते आणि काढून टाकली असेल तर घटते, एवढं पाठ करून गुण मिळतात. पण काच दोन्ही वेळा आतच ओढली जाते. वस्तू आपल्या आपण कमी ऊर्जेकडे जातात असं आपण शिकलेलो असतो, मग पहिल्या वेळी ती वाढत्या ऊर्जेकडे कशी जाते?

आकडे घेऊनच पाहू. २० सेंमी बाजूच्या दोन चौरस धातूच्या पट्ट्या, मधे २ मिमी अंतर. हवेत या जोडीची धारकता सुमारे १७७ पिकोफॅरड येते. १००० व्होल्टला जोडली की ऊर्जा ८८.५ मायक्रोज्यूल. आता डायइलेक्ट्रिक स्थिरांक ५ असलेली, फट पूर्ण भरणारी काच बरोबर निम्म्यापर्यंत आत सरकवू. हे शेजारी शेजारी जोडलेले दोन कपॅसिटर झाले: रिकाम्या अर्ध्याचे ८८.५ पिकोफॅरड आणि काचेच्या अर्ध्याचे त्याच्या पाचपट. बेरीज ५३१, म्हणजे मूळच्या तिप्पट.

बॅटरी आधीच काढलेली असेल तर प्रभाराला जायला वाट नाही. प्रभार तेवढाच, धारकता तिप्पट, म्हणून व्होल्टेज ३३३ वर उतरतं आणि ऊर्जा २९.५ मायक्रोज्यूल उरते. गेलेले ५९ मायक्रोज्यूल काचेला ओढण्यात खर्च झाले. तुम्ही काच हाताने धरून हळू सोडलीत तर ते तुमच्या हाताला मिळाले, मोकळी सोडलीत आणि घर्षण नसेल तर काचेच्या गतीत गेले. इथे कोडं काहीच नाही.

एक गोष्ट मात्र हमखास चुकते. विद्युतक्षेत्र फक्त काचेच्या भागात कमी होतं, असं वाटतं. प्रत्येक पट्टी अखंड धातूची आहे, तिच्यावर सगळीकडे व्होल्टेज एकच. त्यामुळे क्षेत्र रिकाम्या अर्ध्यातही तेवढंच उतरतं, मिलिमीटरला ५०० वरून १६७ व्होल्टवर. सरकतो तो प्रभार: सहापैकी पाच हिस्से काचेसमोरच्या अर्ध्या भागात गोळा होतात.

आता बॅटरी जोडलेलीच ठेवू. व्होल्टेज १००० वर कायम, ऊर्जा तिप्पट होऊन २६५.५ मायक्रोज्यूल, म्हणजे १७७ ची वाढ. पण प्रभारही तिप्पट झाला, आणि तो जास्तीचा प्रभार बॅटरीने १००० व्होल्टवर ढकलला. त्यासाठी तिने केलेलं कार्य ३५४ मायक्रोज्यूल. निम्मे कपॅसिटरमध्ये साठले, उरलेले निम्मे काच ओढण्यात गेले. कोडं सुटतं ते इथे. कमी व्हायची असते ती बॅटरीसकट सगळ्यांची मिळून ऊर्जा, आणि तिची बेरीज १७७ मायक्रोज्यूलने कमीच झाली आहे. नुसत्या कपॅसिटरचा हिशेब करून बलाची दिशा ठरवली, तर काच बाहेर फेकली जाईल असं उलटं उत्तर येतं.

बलाला मुळात बॅटरी आहे की नाही हे कळतच नाही. ते पट्ट्यांच्या कडेजवळच्या वाकड्या क्षेत्रातून येतं आणि त्या क्षणी व्होल्टेज किती आहे एवढ्यावरच ठरतं. सुरुवातीला, काचेची कड आत शिरली की, दोन्ही प्रकारांत ते सुमारे १.७७ मिलिन्यूटन असतं. बॅटरी असेल तर ते तसंच टिकतं. नसेल तर व्होल्टेजबरोबर उतरत जातं आणि काच निम्म्यावर येईपर्यंत एक नवमांश उरतं.

१.७७ मिलिन्यूटन म्हणजे जेमतेम पाव ग्रॅमपेक्षाही कमी वजन. आपली काच साधारण दोनशे ग्रॅमची, त्यामुळे टेबलावर हा प्रयोग मांडला तर घर्षणापुढे ती जागची हलणार नाही. व्होल्टेज उतरतंय का ते पाहावं म्हटलं, तर साधा मल्टिमीटर घात करतो. त्याचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओहम, त्यातून ५३१ पिकोफॅरडचा प्रभार काही मिलिसेकंदांत निघून जातो आणि काटा असो वा आकडा, शून्यच दिसतं. इथे इलेक्ट्रोमीटरच हवा. पावसाळ्यात काचेवर बसणारा दमटपणाचा थरही प्रभार झिरपू देतो, तेव्हा काच आत स्थिर ठेवून आधी व्होल्टेज टिकतं का ते तपासावं.

ओढ खरोखर पाहायची तर घन काचेऐवजी तेल बरं. पट्ट्या उभ्या धरून खालची टोकं ट्रान्सफॉर्मर तेलात बुडवली की घर्षणाचा प्रश्न मिटतो. त्याचा स्थिरांक जेमतेम २.२, त्यामुळे १००० व्होल्टला तेल फक्त ०.१५ मिमी चढेल. पण चढण व्होल्टेजच्या वर्गाने वाढते: ४००० व्होल्टला ती अडीच मिमीच्या आसपास जाते, आणि तेवढी डोळ्यांना दिसते. मात्र ४००० व्होल्टचं हे काम प्रशिक्षित हातांनी, प्रयोगशाळेतच करायचं.