केस रिपोर्ट : दुर्मिळ औषध-प्रतिक्रियेचा

एखाद्या औषधामुळे क्वचितच दिसणारा अपाय एका रुग्णात आढळला, तर तो वैद्यकीय नियतकालिकासाठी ठरावीक क्रमाने लिहून काढतात. त्या लेखनाला केस रिपोर्ट म्हणतात. क्रम साधारणपणे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘केअर’ या मार्गदर्शक सूचीप्रमाणे असतो : शीर्षक, सारांश, प्रस्तावना, रुग्णाची माहिती, तपासणी, कालरेषा, निदान, उपचार, पाठपुरावा, चर्चा, रुग्णाचे स्वतःचे म्हणणे आणि संमती. हे मथळे भरणे अवघड नाही. खरे काम एकाच प्रश्नाचे असते : हे याच औषधामुळे झाले, असे कशावरून? आराखडा त्या प्रश्नाभोवती बांधावा लागतो. कुष्ठरोगाच्या उपचारात कधीकधी उद्भवणारी डॅप्सोन अतिसंवेदनशीलता हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

डॅप्सोन हे कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचारातले रोज घ्यायचे औषध असून प्रौढांसाठी त्याची मात्रा १०० मिग्रॅ. असते. सोबत रिफाम्पिसिन महिन्यातून एकदा ६०० मिग्रॅ., तर क्लोफाझिमिन महिन्याला ३०० आणि रोज ५० मिग्रॅ. देतात. काही थोड्या रुग्णांत डॅप्सोन सुरू केल्यावर चार ते सहा आठवड्यांनी ताप येतो, अंगभर पुरळ उठते, मानेत व काखेत गाठी येतात आणि यकृताला सूज येते. १९४९ मध्ये नायजेरियातील कुष्ठरोग्यांवर काम करणाऱ्या लो आणि स्मिथ यांनी हे चित्र नोंदवले होते. याचा एका जनुकीय खुणेशी, एचएलए-बी*१३:०१ शी, घट्ट संबंध असल्याचे चीनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले. डॅप्सोनमुळे होणारा रक्तक्षय ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तो मात्रेवर अवलंबून असतो आणि जी-६-पीडी विकराची कमतरता असलेल्यांत अधिक तीव्र होतो. हे दोन्ही अपाय एकाच रुग्णात असू शकतात. लिहिताना ते एकत्र कालवले की अहवाल तिथेच फसतो.

कालरेषा. समजण्यासाठी रचलेला एक रुग्ण घेऊ : ३४ वर्षांचा, ५० किलो वजनाचा शेतमजूर. औषधे सुरू झाली तो दिवस शून्य. २८व्या दिवशी त्याने दवाखान्यात दुसरी मासिक मात्रा घेतली. ३२व्या दिवशी ताप आला, ३३व्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिले, ३५व्या दिवशी पुरळ उठले आणि ३७व्या दिवशी डोळे पिवळे झाले म्हणून तो रुग्णालयात आला. तिथे सगळी औषधे थांबवली आणि ३८व्या दिवशी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ५० मिग्रॅ. सुरू केले.

तारखांऐवजी दिवस लिहिण्याचे दोन फायदे आहेत. रुग्णाची ओळख झाकली जाते आणि आधी काय, नंतर काय हे वाचकाला मोजता येते. ताप पॅरासिटामॉलच्या आधीचा आहे, म्हणून निदान तापापुरते तरी त्या गोळीकडे बोट दाखवता येत नाही. पण ‘ताप येऊन गावात औषध घेतले’ एवढेच लिहिले असते तर हे कळले नसते. गोळीचे नाव रुग्णाला सहसा आठवत नाही, म्हणून रिकामे पाकीट घरून मागवावे. त्यात प्रतिजैविक निघाले तर संशयितांच्या यादीत आणखी एकाची भर पडते. झाडपाल्याचे औषध घेतले का, हेही वेगळे विचारावे लागते. नुसते ‘औषध’ म्हटले की ते कोणी त्यात धरत नाही.

इतर कारणे वगळणे. रिचर्डस आणि स्मिथ यांनी १९८९ मध्ये मांडलेले निकष इथे उपयोगी पडतात. लक्षणे आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावीत आणि औषध थांबवल्यावर जावीत. सोबतचे दुसरे औषध, कुष्ठरोगाची स्वतःची प्रतिक्रिया किंवा दुसरा आजार त्यांना कारणीभूत नसावा. आणि ताप, पुरळ, गाठी व यकृतदोष यांपैकी किमान दोन असावेत. पावसाळ्यात आलेल्या तापाबरोबर कावीळ दिसली, तर लेप्टोस्पायरोसिस, डेंगी आणि विषाणूजन्य कावीळ यांच्या चाचण्यांचे निकाल अहवालात हवेतच. ‘इतर कारणे वगळली’ या वाक्याला नियतकालिकाचे परीक्षक किंमत देत नाहीत. रक्तातल्या, ॲलर्जीत वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशी वाढलेल्या दिसल्या तर निदानाला बळ मिळते, पण त्या न वाढल्यानेही निदान बाद होत नाही.

सर्वांत अडचणीचे म्हणजे रिफाम्पिसिन. तेही यकृताला इजा करू शकते, त्याची मात्रा लक्षणांच्या चारच दिवस आधी गेली होती आणि ते डॅप्सोनबरोबरच थांबवले गेले. त्यामुळे ३७व्या दिवशी दोघांत भेद करता येत नाही.

गुण. टोरंटो येथे तयार झालेली आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेली नारंजो प्रश्नावली अशा वेळी वापरतात. अपाय औषधामुळेच झाला असण्याची शक्यता ती गुणांनी मोजते. आपल्या रुग्णाला ३७व्या दिवशी गुण दिले तर पूर्वीच्या नोंदी आहेत म्हणून १, औषधानंतर घडले म्हणून २, तपासण्यांतून अपाय सिद्ध झाला म्हणून १ आणि दुसरे कारण संभवते म्हणून उणे १, असे ३ होतात. म्हणजे ‘शक्य’.

पुढे ताप उतरला, ७९व्या दिवसापर्यंत यकृताच्या चाचण्या पूर्ववत झाल्या, आणि कुष्ठरोगाचा उपचार अर्धवट सोडता येत नाही म्हणून रिफाम्पिसिन व क्लोफाझिमिन पुन्हा सुरू केले. ७९, १०७ आणि १३५व्या दिवशी मासिक मात्रा झाल्या. काहीच त्रास झाला नाही. आता औषध थांबवल्यावर सुधारणा झाली याचा १ गुण मिळतो, आणि दुसरे कारण उरत नसल्याने उणे १ च्या जागी २ येतात. बेरीज ७, म्हणजे एक पायरी वर, ‘संभाव्य’. अपाय तोच, पण तीन महिने थांबल्यामुळे दर्जा बदलला. घाईने पाठवलेल्या अहवालात नेमका हाच भाग नसतो.

इथेही एक फट राहते. सुधारणा डॅप्सोन थांबवल्याने झाली की प्रेडनिसोलोनने? स्टेरॉइड चालू असताना दिलेल्या रिफाम्पिसिनची प्रतिक्रिया दबली असेल का? प्रेडनिसोलोन ११०व्या दिवशी बंद झाले होते, त्यामुळे १३५व्या दिवसाची मात्रा सर्वांत बोलकी ठरते. चर्चेत हे आपणहून लिहावे, परीक्षकाने विचारायची वाट पाहू नये. स्टेरॉइड हळूहळू का कमी केले, हेही तिथेच येते : डॅप्सोन आतड्यातून पुन्हा रक्तात शोषले जाते आणि शरीरात बराच काळ रेंगाळते, म्हणून स्टेरॉइड झटकन कमी केले तर आजार उलटतो.

डॅप्सोन पुन्हा देऊन पाहिले असते तर नारंजोचे आणखी २ गुण मिळून ‘निश्चित’ म्हणता आले असते. तसे करू नये. ही प्रतिक्रिया जीवघेणी ठरू शकते. शीर्षकातही ‘डॅप्सोनमुळे’ लिहिण्यापेक्षा ‘डॅप्सोननंतर संभाव्य’ लिहिणे प्रामाणिक.

संमती आणि नोंद. रुग्णाची लेखी संमती त्याला समजणाऱ्या भाषेत घ्यावी. छायाचित्रात डोळ्यांवर काळी पट्टी ओढली की ओळख पुसली जाते, हा जुना समज आहे. गोंदण, जन्मखूण, कानातली बाळी यांवरूनही माणूस ओळखू येतो. ‘रुग्णाचे म्हणणे’ हा मथळा बहुतेक जण गाळतात. खरे तर गोळ्यांवरचा विश्वास उडूनही तो पुन्हा उपचाराला कसा तयार झाला, हे तिथेच कळते.

लेख छापून यायला महिने लागतात, म्हणून प्रतिक्रियेची नोंद भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाकडे आधीच करावी. हा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला असून त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. संशयित प्रतिक्रियेचा अर्ज भरायला ‘संभाव्य’ ठरेपर्यंत थांबावे लागत नाही. आपल्या रुग्णाचा अर्ज ३७व्या दिवशीच जाऊ शकला असता.