केवायसीचा फोन, एपीके फाईल आणि ‘तीन दिवसांची मुदत’: खातेदारांनो, जरा वाचून घ्या

सध्या शाखेत जो येतोय तो एकच सांगतोय, "ओटीपी मी कुणाला दिलाच नाही ओ, तरी पैसे गेले." आणि माणूस खोटं बोलत नसतो. ओटीपी सांगायचा नाही हे आता सगळ्यांना पाठ झालंय, म्हणून चोरांनी विचारायचंच सोडून दिलंय.

फोन असा येतो: "हेड ऑफिसमधनं बोलतोय, तुमची केवायसी संपलीय, आज संध्याकाळी खातं बंद होणार, गृहलक्ष्मीचे पैसे परत जाणार." मग व्हॉट्सॲपवर बँकेचा लोगो लावलेली फाईल येते, नावाच्या शेवटी .apk असतं. ती इन्स्टॉल केली की मेसेज वाचायची परवानगी मागते, आपण घाईत 'अलाऊ' दाबतो, आणि तिथनं पुढं तुमच्या फोनवर आलेला प्रत्येक ओटीपी त्यांना आपोआप जातो. त्याच ॲपमधल्या फॉर्ममध्ये कार्डाचा नंबर, एक्सपायरी आणि मागचे तीन आकडे भरून घेतात. केवायसीला एटीएम कार्डाचं काय काम, एवढं जरी मनात आलं तरी तिथंच थांबता येतं. खऱ्या केवायसीत काही बदललं नसेल तर तसं लिहून दिलेलं पुरतं, पत्ता बदलला असेल तर त्याचा कागद, आणि यातलं काहीही आम्ही व्हॉट्सॲपवर फाईल पाठवून करत नाही. पिन, ओटीपी, कार्डामागचे आकडे, फोनची स्क्रीन शेअर, हे आमचा मॅनेजरसुद्धा मागणार नाही.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो मुदतीचा. "तीन दिवसांत कळवलं की पैसे परत" असं कुणीतरी सांगितलेलं असतं. सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०१७ मध्ये नियम काढला त्यात तीन दिवस आहेत खरे, पण चूक ना तुमची ना बँकेची, अशा व्यवहारासाठी. मेसेज आल्यापासून कामाचे तीन दिवस, मेसेजचा दिवस सोडून. माहिती तुम्हीच भरून दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे इथं दिवस मोजायचेच नाहीत, मिनिटं मोजायची.

खानापूरकडच्या एका मावशींचं बघा. शुक्रवारी संध्याकाळी ६:४० ला ९,९०० गेल्याचा मेसेज आला, ७:०५ ला आणखी ३८,६००. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार, आणि मुलगा म्हणाला तीन दिवस आहेत की, म्हणून मंगळवारी आल्या. पहिला मेसेज बघून लगेच कार्ड बंद करायला फोन केला असता तर ते ३८,६०० एक तर गेलेच नसते, नाहीतर बँकेच्या माथी आले असते. आता पूर्ण ४८,५०० त्यांच्या अंगावर. बँकेला सुट्टी असली तरी कार्ड बंद करायचा नंबर चालू असतो ओ! तो कार्डाच्या मागे छापलेलाय. गुगलवर शोधू नका, तिथं चोरांनी स्वतःचेच नंबर टाकून ठेवलेत.

तर पैसे गेले की आधी फोनचा डेटा बंद करा आणि दुसऱ्याच्या फोनवरनं कार्ड बंद करा, लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 नंबर लावा. तिथं अडतं ते १२ आकडी व्यवहार नंबरावर, म्हणजे यूटीआर किंवा आरआरएन. मेसेजमध्ये तो पुष्कळदा नसतोच, स्टेटमेंटमध्ये असतो. नसला तरी रक्कम आणि वेळ सांगून तक्रार घालायला बघा, नंबर शाखेतनं काढून देतो, त्याच्यासाठी सोमवारची वाट बघत बसू नका. बाकी तपशील cybercrime.gov.in वर भरायचा. फाईल आणि चॅट डिलीट करू नका, पुरावा तोच आहे. फोन रीसेट करायची घाई घरातली पोरंच जास्त करतात, त्यांनाही सांगून ठेवा.

पोलिसांत जायचं तर बेळगावात सायबर गुन्ह्यांचं सीईएन ठाणं आहे. खातं चंदगडला आणि राहणं शहापुरात असं असलं म्हणून कुणी "तिकडं जावा" म्हणालं तर झिरो एफआयआर मागा, हद्द कुठलीही असली तरी ती नोंदवून घ्यावी लागते. अर्ज कन्नडमधून किंवा इंग्रजीतून मागितला तर शाखेत या, लिहून देऊ.

शाखेत पासबुक, मेसेजचे स्क्रीनशॉट आणि 1930 ची पोच घेऊन या. अर्जावर आमचा शिक्का घेताना तारखेबरोबर वेळही लिहून घ्या, कारण 'कळवलं कधी' याचा हिशेब त्यावरच होतो. काउंटरवरचा माणूस "राहू दे ओ, वेळ कशाला" म्हणाला तरी घ्या, तो आमचाच माणूस असला तरी.

आणि तक्रारीनंतर आठवडाभरात "तुमचे पैसे सापडलेत, प्रोसेसिंग फी भरा" असा फोन आला तर तोही चोरच.