बाटलीवरचे 1000 आणि ग्लुकोमीटरवरचे 190

लघवी तपासायची आणि ग्लुकोमीटरची, दोन्ही पट्ट्या झाकणाच्या लहान बाटलीत येतात, दोन्ही साखरेसाठीच असतात आणि दोन्हींवर एकच एकक असते, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. गोंधळ इथेच होतो. लघवीच्या पट्टीच्या बाटलीवर रंगांचे चौकोन असतात आणि त्यांखाली 100, 250, 500, 1000, 2000 असे आकडे. पट्टीचा रंग 1000 च्या चौकोनाशी जुळला की घरात एकच घबराट: "शुगर हजार झाली!" तो आकडा लघवीतल्या ग्लुकोजचा असतो, रक्तातल्या नव्हे. त्यावरून रक्तातला आकडा काढण्याचा कोणताही भरवशाचा तक्ता नाही.

लघवीच्या पट्टीवरच्या चौकोनात ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर असते. ग्लुकोजशी त्याची गाठ पडली की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि त्यामुळे चौकोनातला रंग बदलतो. फ्रुक्टोज, लॅक्टोज अशा इतर साखरांना ती दाद देत नाही. जुन्या बेनेडिक्ट चाचणीत परीक्षानळी तापवून निळ्याचा विटकरी रंग होताना पाहत, ती मात्र इतर काही साखरांनाही फसायची. ग्लुकोमीटरच्या बऱ्याच पट्ट्यांतही हेच विकर असते, म्हणजे ओळखण्याची युक्ती जवळपास तीच. फरक आहे तो नमुन्यात, आणि तो नमुना किडनीतून गाळून आलेला असतो.

किडनीत रक्त गाळले जाते तेव्हा ग्लुकोजही गाळलेल्या द्रवात उतरते. पुढच्या नलिकेत ते परत शोषले जाते. त्यातला मोठा वाटा एसजीएलटी-2 नावाचे वाहक प्रथिन उचलते. पण या वाहकांची उचल ठरलेली आहे. साधारणपणे रक्तातली साखर 180 च्या वर गेली की त्यांना सगळे उचलणे झेपत नाही आणि उरलेले लघवीत सुटते. हाच किडनीचा उंबरठा.

आता हिशेब मांडू, ढोबळ का होईना. एका माणसाची साखर 190 आहे, उंबरठा 180, आणि किडनी मिनिटाला 100 मिलिलिटर, म्हणजे 1 डेसिलिटर गाळते. जादाचे 10 मिलिग्रॅम दर मिनिटाला लघवीत जातात. तो पाणी कमी पितो आणि मिनिटाला 1 मिलिलिटर लघवी तयार होते, तर तिची तीव्रता 1000 भरते. तोच माणूस दोन तांबे पाणी प्यायला आणि लघवी मिनिटाला 4 मिलिलिटर झाली, तर 250. रक्त तेच, साखर तीच, पट्टी मात्र दोन वेगळ्या चौकोनांवर. शिवाय मूत्राशयात लघवी काही तास साठलेली असते; जेवणानंतर दुपारी वाढलेली साखर खाली येऊन गेली तरी पट्टी तिचीच खूण दाखवते. प्रत्यक्षात उंबरठाही इतका काटेकोर नसतो, तो हळूहळू ओलांडला जातो.

उंबरठ्याखाली तर पट्टी आंधळीच असते. मधुमेहाचे निदान उपाशीपोटी 126 वर होते, आणि उपाशीपोटी 150 असणाऱ्याच्या लघवीत काहीही न दिसणे अगदी शक्य आहे. अनेक वर्षांचा मधुमेह किंवा वाढते वय यांत उंबरठा आणखी वर सरकू शकतो, म्हणून आजोबांची पट्टी "निल" आली म्हणजे साखर आटोक्यात आहे, असा अर्थ लावू नये. उलट गरोदरपणात उंबरठा खाली येतो, त्यामुळे साखर नॉर्मल असूनही एखादे प्लस दिसते. तिथे ग्लुकोज पाजून रक्त तपासणे हाच उपाय. आणि साखर 55 पर्यंत उतरून घाम फुटला असेल, तर लघवीची पट्टी ते सांगूच शकत नाही. तिच्यासाठी 55 आणि 165 सारखेच.

पट्टी स्वतःही बिघडते. बाथरूममध्ये बाटली उघडी राहिली की ओल लागते. व्हिटॅमिन सीचा मोठा डोस घेतला असेल तर साखर असूनही रंग येत नाही, आणि लघवीच्या डबीत ब्लीचचा अंश राहिला तर नसलेली साखर दिसते. बाटलीवर लिहिलेल्या वेळेला, बऱ्याच पट्ट्यांवर 30 सेकंदांना, रंग जुळवायचा असतो. पाच मिनिटांनी पाहिलेला रंग धरू नये.

अलीकडे आणखी एक घोळ फार दिसतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या एसजीएलटी-2 लाच अडवतात, म्हणजे उंबरठा मुद्दाम खाली आणतात. अशा रुग्णाचे रक्त 118 आणि लघवीत चार प्लस, हे अपेक्षितच आहे. रिपोर्ट पाहून घाबरून गोळी बंद करणारे लोक असतात. रिपोर्टवर गोळीचे नाव लिहिलेले नसते, म्हणून लॅबमध्ये नमुना देतानाच ते सांगावे.