रेडिओ उंचीमापक

विमान आणि त्याच्या थेट खालची जमीन यांतले अंतर रेडिओ लहरींनी मोजणारे उपकरण म्हणजे रेडिओ उंचीमापक. वैमानिकापुढे याखेरीज हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापकही असतो. दोन्ही ठणठणीत असले तरी त्यांचे आकडे सहसा जुळत नाहीत, कारण दोघांना विचारलेला प्रश्नच वेगळा आहे.

दाबाच्या उंचीमापकात हवा काढून घेतलेली पातळ धातूची डबी असते. वर जाताना बाहेरचा दाब घटतो, डबी फुगते आणि काटा सरकतो. म्हणजे हे यंत्र उंची मोजतच नाही. ते दाब मोजते आणि ठरलेल्या प्रमाण वातावरणाच्या हिशेबाने त्याची उंची करून दाखवते. उतरण्याआधी विमानतळाकडून त्या वेळचा समुद्रसपाटीला आणलेला दाब, म्हणजे ‘क्यूएनएच’, घेऊन यंत्रात भरावा लागतो. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे 582 मीटर आहे, त्यामुळे दाब बरोबर भरला असेल तर चाके धावपट्टीवर टेकलेली असतानाही काटा साधारण तेवढेच दाखवतो. नवख्याला हे विचित्र वाटते. कॉकपिटात हे आकडे फुटांत असतात; इथे सोयीसाठी मीटर घेतले आहेत.

रेडिओ उंचीमापकाला हवेशी देणेघेणे नाही. विमानाच्या पोटाखाली दोन अँटेना असतात, एक लहरी सोडणारी आणि दुसरी प्रतिध्वनी टिपणारी. यासाठी जगभर 4,200 ते 4,400 मेगाहर्ट्‌झचा पट्टा राखलेला आहे. लहर मायक्रोसेकंदांत परत येते, आणि एवढा कमी वेळ घड्याळाने अचूक मोजणे अवघड. म्हणून बहुतेक यंत्रांत सोडलेल्या लहरीची वारंवारता एकसारखी चढवत नेतात. प्रतिध्वनी परत येईपर्यंत प्रक्षेपक पुढच्या वारंवारतेवर पोचलेला असतो. या दोन वारंवारतांतला फरक अंतराच्या प्रमाणात वाढतो, आणि फरक मोजणे सोपे असते.

उदाहरण देवगिरीचे घेऊ. आसपासची जमीन समुद्रसपाटीपासून 600 मीटरवर आणि किल्ल्याचा डोंगर तिथून 200 मीटर उंच आहे, असे धरू. विमान 1,200 मीटरवर सरळ चालले आहे. यंत्राची वारंवारता 5 मिलिसेकंदांत 100 मेगाहर्ट्‌झ, म्हणजे दर मायक्रोसेकंदाला 20 किलोहर्ट्‌झ चढते. सपाटीवर लहरीचा जाण्यायेण्याचा प्रवास 1,200 मीटरचा, वेळ 4 मायक्रोसेकंद, फरक 80 किलोहर्ट्‌झ. यंत्र 600 मीटर दाखवते. माथ्यावर आल्यावर प्रवास 800 मीटर होतो, फरक सुमारे 53 किलोहर्ट्‌झवर येतो आणि आकडा 400 होतो. डोंगर मागे पडला की पुन्हा 600. एवढ्या वेळात दाबाचा काटा 1,200 वरून हललेला नाही, आणि तेही बरोबरच आहे.

याच कारणाने लांबच्या प्रवासात रेडिओ उंचीमापकावर उंची धरून चालत नाही. प्रवासी विमानांत तो साधारण 2,500 फुटांखालीच आकडा दाखवतो. शिवाय तो फक्त खाली पाहतो. समोरचा उभा कडा त्याला दिसत नाही. हवेतल्या दोन विमानांनी एकमेकांपासून अंतर राखायचे तर दोघांनी एकच दाब धरलेला बरा. जमिनीच्या चढउतारावर नाचणारा आकडा तिथे कामाचा नाही. त्याचे खरे काम शेवटच्या काही फुटांचे. उतरताना ‘फिफ्टी, थर्टी, ट्वेन्टी, टेन’ अशी जी मोजणी कॉकपिटात ऐकू येते, ती याच्यावरून होते.

दाबाचा उंचीमापक मात्र दोन प्रकारे फसवतो. क्यूएनएच 1005 हेक्टोपास्कल असताना 1013 तसाच राहिला, तर 8 हेक्टोपास्कलांमागे तो सुमारे 66 मीटर जास्त दाखवतो, म्हणजे विमान वाटते त्यापेक्षा खाली असते. दुसरी चूक उन्हाची. मराठवाड्यात मे महिन्यात पारा 42 अंशांवर असतो, पण प्रमाण वातावरण चिकलठाण्याच्या उंचीवर जेमतेम 11 अंश धरते. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे दाबाचा काटा धावपट्टीपासून 600 मीटरची उंची दाखवतो तेव्हा विमान 660 मीटरच्याही थोडे वर असते. ही चूक सुरक्षित बाजूची. कडाक्याच्या थंडीत ती उलटी होते आणि तिथे धोका असतो.

रेडिओ उंचीमापक बिघडला तर काय होते, हे 25 फेब्रुवारी 2009 रोजी ॲमस्टरडॅमजवळ दिसले. स्खिपोल विमानतळावर उतरणाऱ्या टर्किश एअरलाइन्सच्या बोइंग 737-800 मध्ये डाव्या यंत्राने सुमारे 1,950 फुटांवर असताना उणे 8 फूट दाखवले. जमिनीवर उभ्या विमानात उणे काही फूट दिसणे नेहमीचे असते, कारण शून्याची जुळणी चाके टेकतानाच्या स्थितीला केलेली असते. हवेत मात्र त्याला अर्थ नाही. स्वयंचलित थ्रॉटलने त्या आकड्यावरून विमान टेकत आहे असे समजून इंजिने मंद केली. वेग घटत गेला, वैमानिकांच्या उशिरा लक्षात आले, आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळून 9 जण दगावले. उजवे यंत्र शेवटपर्यंत बरोबर उंची दाखवत होते.