लाल-हिरव्याच्या सांध्यावरचा मळकट पट्टा

नंदुरबारच्या मिरची पथारीचा एखादा फोटो घ्यावा, ज्यात वाळत घातलेल्या लालभडक मिरचीला लागूनच हिरवे शेत आहे, आणि तो संगणकावर धूसर करून पाहावा. लाल आणि हिरवे जिथे भिडतात, तिथे बऱ्याचदा एक काळपट, शेवाळी पट्टा उमटतो. ‘लाल-हिरवे मिसळले की मळकटच होणार’ असे यावर सांगितले जाते. रंगपेटीपुरते ते खरे आहे, कारण तिथे प्रत्येक रंग प्रकाश शोषतो. पडद्यावर मात्र प्रकाशात प्रकाश मिसळतो, आणि लाल व हिरवा प्रकाश मिळून पिवळा होतो. धूसर करताना संगणक शेजारशेजारच्या ठिपक्यांच्या रंगांची सरासरी काढतो, आणि दोष रंगांचा नसून ती सरासरी काढण्याच्या रीतीचा आहे.

बहुतेक फोटोंमध्ये प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या व निळ्या रंगासाठी असलेले ० ते २५५ हे आकडे एसआरजीबी या मानकानुसार लिहिलेले असतात आणि ते प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. आपल्या डोळ्यांना अंधाऱ्या छटांमधला बारीक फरक चटकन कळतो, उजेडातला तेवढा कळत नाही. म्हणून मोजक्या २५६ पायऱ्यांपैकी जास्त पायऱ्या अंधाऱ्या भागाला दिलेल्या असतात. परिणामी १२८ हा आकडा निम्मा वाटला, तरी त्यातून पडणारा प्रकाश पूर्ण प्रकाशाच्या सुमारे २१.६ टक्केच असतो. निम्म्या प्रकाशाचा आकडा १८८ आहे.

आता शुद्ध लाल (२५५, ०, ०) आणि शुद्ध हिरवा (०, २५५, ०) घेऊ. आकड्यांची थेट सरासरी (१२८, १२८, ०) येते. डोळ्याला जाणवणाऱ्या तेजस्वितेत लालचा वाटा ०.२१२६ आणि हिरव्याचा ०.७१५२ धरला जातो, म्हणजे निम्म्या-निम्म्या मिश्रणाची तेजस्विता ०.४६ च्या आसपास हवी. प्रत्यक्षात ती ०.२० भरते. निम्म्याहून अधिक प्रकाश हिशेबातच गळाला, आणि उरला तो मळकट पट्टा.

उपाय असा की आधी प्रत्येक आकड्याचे प्रकाशात रूपांतर करायचे, सरासरी तिथे काढायची आणि मग उलट सूत्राने परत यायचे:

```
c = आकडा / 255
c <= 0.04045 : L = c / 12.92
अन्यथा       : L = ((c + 0.055) / 1.055) ^ 2.4
```

यातून (१८८, १८८, ०) हा स्वच्छ पिवळा मिळतो. मधले आकडे मात्र दशांशात किंवा १६ बिटांत ठेवावे लागतात, नाहीतर अंधाऱ्या भागात पट्टे दिसतात. ‘अब्जावधी रंगां’च्या जाहिराती पाहून नवा पडदा घेतल्याने काहीही सुधारणार नाही, कारण चूक त्याआधीच्या बेरजेत आहे.

आपले सॉफ्टवेअर तपासायचे असेल, तर एकेका पिक्सेलच्या घरांचा काळा-पांढरा बुद्धिबळपट काढून तो लहान करून पाहावा. करडा रंग १८८ च्या आसपास आला तर हिशेब प्रकाशात होतो आहे. १२८ आला तर आकड्यांवर.

काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची चढती छटा काढताना मात्र हा प्रकाशातला हिशेब उपयोगी नाही: तिचा मध्य १८८ वर येतो आणि पट्टी उजळ टोकाकडे झुकलेली दिसते. तिथे प्रकाश मिसळायचा नसतो, डोळ्याला समान वाटणाऱ्या पायऱ्या हव्या असतात, आणि त्यासाठी २०२० साली आलेल्या ओकलॅबसारखी रंगमापने वापरतात.