दहा वेळा ०.१ मिळवूनही १ का होत नाही?

पायथनमधल्या या तीन ओळी पाहा.

```python
x = 0.0
while x != 1.0:
    x = x + 0.1
```

x ची किंमत १ होईपर्यंत त्यात ०.१ मिळवत राहा, एवढंच यात सांगितलंय. दहा फेऱ्यांत काम आटोपायला हवं, पण प्रोग्राम थांबतच नाही. प्रत्येक फेरीत x छापला की गोम कळते. तिसऱ्या फेरीत `0.30000000000000004` दिसतं. पुढे ०.७ पर्यंत सगळं ठीक चालतं, आठव्या फेरीत `0.7999999999999999` येतं आणि दहाव्या फेरीत `0.9999999999999999`. हे १ नाही, म्हणून अकरावी फेरी सुरू होते, x १.१ च्या जवळ पोचतो आणि १ कायमचा मागे पडतो.

मूळ कारण ०.१ या संख्येतच आहे. संगणक अपूर्णांक साठवतो ते अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश अशा तुकड्यांच्या बेरजेने. या तुकड्यांतून ०.१ कधीच नेमका बनत नाही. १ ला ३ ने भागताना जसे ३ संपत नाहीत, तसे इथे ०० आणि ११ आलटून पालटून येतच राहतात. जागा मात्र ५३ बिटांची, त्यामुळे शेपूट छाटून जवळची किंमत ठेवली जाते. ती ०.१ पेक्षा किंचित मोठी असते: ०.१००००००००००००००००५५...

मग मोठे तुकडे मिळवून बेरीज १ पेक्षा कमी कशी? कारण प्रत्येक बेरजेचं उत्तरही पुन्हा ५३ बिटांत बसवावं लागतं. आठव्या फेरीत जवळची किंमत खालच्या बाजूला पडते आणि ती तूट पुढे जाते. हेच पाऊल ०.१२५ चं, म्हणजे नेमक्या अष्टमांशाचं ठेवलं, तर प्रोग्राम आठ फेऱ्यांत निमूटपणे थांबतो.

यावर उपाय असा, की 'बरोबर १ आहे का' असं न विचारता 'फरक नगण्य आहे का' असं विचारायचं.

```python
while abs(x - 1.0) > 1e-9:
```

इथे एक अब्जांशापर्यंतचा फरक माफ आहे. दहाव्या फेरीतली चूक त्याच्या दहा लाखाव्या हिश्श्याहूनही लहान आहे, आणि ०.१ चं पाऊल त्याच्या दहा कोटी पट मोठं. त्यामुळे खरा १ निसटत नाही आणि ०.९ ला कुणी १ समजत नाही.

ही सूट सगळीकडे जशीच्या तशी चिकटवली तर मात्र फसगत होते. शंभर कोटींच्या आसपास शेजारच्या दोन साठवता येणाऱ्या संख्यांमध्येच सुमारे ०.००००००१२ चं अंतर असतं. तिथे एक अब्जांशाची सूट असून नसल्यासारखी. म्हणून पायथनचं `math.isclose` संख्येच्या आकाराच्या प्रमाणात सूट देतं. पण शून्याशी तुलना करताना हे प्रमाणच कोलमडतं: `math.isclose(0.1 + 0.2 - 0.3, 0.0)` याचं उत्तर `False` येतं, कारण उरलेल्या क्षुल्लक फरकाचा अब्जांश त्या फरकाहून लहानच असणार. तिथे `abs_tol=1e-12` अशी ठरावीक सूट आपणच लिहून द्यावी लागते.